चार ढीग आणि एक कात्री : सातवीच्या वर्गात खोटे मेसेज ओळखायला शिकवताना

पहिल्या वर्षी मी साधाच प्रयोग केला. फळ्यावर एकेक मेसेज दाखवायचा आणि विचारायचं, खरा की खोटा? तिसऱ्या मेसेजपर्यंत मुलांनी खेळ ओळखला. सर दाखवताहेत म्हणजे खोटंच असणार! चौथ्यापासून मेसेज न वाचताच सगळे "खोटं" ओरडायला लागले. पुढच्याच आठवड्यात पावसामुळे सुट्टी असल्याचा शाळेचा खरा मेसेज गेला, आणि दोघं जण तो "फेक" ठरवून भिजत शाळेत हजर.

तेव्हापासून मी दोन ऐवजी चार ढीग करायला लावतो. सहावी ते आठवीच्या मुलांना हे जमतं. त्याला सलग दोन तासिका लागतात.

कार्डं तयार करा

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर सोळा मेसेज छापा किंवा हाताने लिहा. त्यातले निदान पाच पूर्ण खरे हवेत, आणि त्यातले काही ऐकायला खोटे वाटणारे. "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात" हे त्यासाठी छान चालतं. चार मेसेज साफ खोटे घ्या. "युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं" हा कित्येक वर्षं फिरणारा मेसेज मुलांच्या घरी येऊन गेलेला असतोच. चार मेसेजमध्ये चित्र खरं पण मजकूर खोटा असू द्या. उरलेले तीन असे, की वर्गात बसून ठरवताच येणार नाही : "काल रात्री बाजारात दोन दुकानं फोडली, सावध राहा." कोणत्या गावचा बाजार, कधीचं काल, काहीच नाही.

प्रत्येक कार्डावर जाड पेनने आडवं "सरावासाठी" लिहा आणि तास संपल्यावर कार्डं मोजून परत घ्या. एकदा एका मुलाने कार्डाचा फोटो काढला आणि संध्याकाळी तो त्याच्या मावशीच्या ग्रुपवर होता. जातीधर्मावरून भडकवणारे मेसेज या कार्डांत नकोतच. वर्गात ते हाताळायला वेळ पुरत नाही आणि लक्षात राहतो तो खोटा मजकूरच.

पहिली फेरी : फोनशिवाय

चौघांचा एक गट. ढिगांची नावं : "खरं", "खोटं", "चित्र खरं, मजकूर खोटा" आणि "अजून सांगता येत नाही". दहा मिनिटं द्या. अट एकच. प्रत्येक कार्ड ठेवताना "कारण" या शब्दापासून एक वाक्य बोलायचं. "कारण मला वाटतं" हे चालणार नाही. "कारण कोणी लिहिलं ते नाही", "कारण हे आम्ही विज्ञानात शिकलो" असं चालेल.

चौथा ढीग सुरुवातीला रिकामाच राहतो. "माहीत नाही" म्हटलं की मार्क जातात, ही आपणच लावलेली सवय. म्हणून या ढिगात योग्य कार्ड ठेवलं तर मी दोन गुण देतो, बाकीच्यांना एक. या फेरीत उत्तरं सांगू नका. मुलं चिडतात, पण पुढची फेरी त्या चिडण्यावरच चालते.

दुसरी फेरी : एकच कार्ड नीट उकलून

सोळाही कार्डं तपासत बसू नका. एकच घ्या. माझं आवडतं कार्ड म्हणजे "दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत" हे रंगीबेरंगी चित्र. दर दिवाळीला ते फिरतं.

आधी मुलांना फक्त चित्र बघायला सांगा. भारताचा नकाशा काळा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. पणत्यांचा उजेड निळा-हिरवा कसा? कोणीतरी हे विचारतंच. विचारलं नाही तर तुम्ही विचारा. मग तुमच्या फोनवर गूगल लेन्सने ते चित्र शोधा आणि पडद्यावर दाखवा. पहिला निकाल घेऊन थांबायचं नाही. चित्र कोणी बनवलं आणि कधी, हे सांगणारं पान मिळेपर्यंत खाली जायचं.

नासाच्याच संकेतस्थळावर उत्तर आहे. हे चित्र म्हणजे एका रात्रीचा फोटो नव्हेच. नोआ या अमेरिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञाने २००३ साली अनेक वर्षांची उपग्रह-माहिती एकत्र करून ते बनवलं. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. वस्ती कशी वाढली ते दाखवणारा हा नकाशा आहे. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या, म्हणजे खरोखर दिवाळीतल्या रात्रीचं चित्रही प्रसिद्ध केलं. त्यात भारत नेहमीसारखाच दिसतो, कारण दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जाणवण्याइतका नसतो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की तिसरा ढीग कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

आता गटांना आपापले ढीग बदलण्याची मुभा द्या. मत बदललं म्हणून गुण कापू नका.

तिसरी फेरी : मेसेज तुमच्याकडे काय मागतो?

तीच कार्डं, पण आता खरं-खोटं विसरा. काही कार्डं पैसे मागतात, काही ओटीपी किंवा फोटो, काही "दहा जणांना पाठवा" म्हणतात, आणि काही काहीच मागत नाहीत. त्यानुसार वेगळं करा. फसवणूक ओळखायला हे जास्त उपयोगी पडतं, कारण चोराचा मजकूर कितीही सफाईदार असला तरी मागणी लपवता येत नाही. इथेच एक गोष्ट सांगून ठेवा. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. बक्षीस देणारा पिन टाकायला सांगत असेल, तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत.

चौथी फेरी : कात्री

कागदाच्या लांब पट्ट्यांवर हे दोन पत्ते लिहा :

```
https://mahadbt.maharashtra.gov.in/login
https://mahadbt.maharashtra.gov.in.free-tablet.example/login
```

पहिला राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा. दुसरा मी रचलेला. मुलांनी `https://` कापून टाकायचं, मग पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी कात्री चालवायची. हातात उरलेला तुकडा उजवीकडून वाचायचा. पहिला `gov.in` ने संपतो, आणि ते नाव सरकारी संस्थांनाच मिळतं. दुसऱ्यातही `gov.in` आहे, पण मधे. मालक शेवटी असतो, आणि तो `free-tablet.example` आहे. कुलपाचं चिन्ह किंवा `https` बघून विश्वास ठेवायचा नाही, ते चोरालाही मिळतं. आणि उजवीकडून वाचून नाव ओळखीचं निघालं नाही, तर ते पान उघडून बघायचं नाही.

कोणीतरी हळूच सांगतं, की आईच्या फोनवरून आपण असा फॉर्म भरला होता. वर्गासमोर त्याची चौकशी नको. पैसे गेले असतील तर घरच्यांनी लगेच १९३० ला फोन करायचा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा असतो. मुलाला घरी सांगायची भीती वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

आठवड्याने नवीन आठ कार्डं देऊन पुन्हा बघा. तपासताना दोन रकाने करा : खोटं असून खरं मानलेली कार्डं आणि खरं असून खोटं मानलेली. पहिला रकाना आटला पण दुसरा फुगला, तर मुलं पुन्हा न वाचताच "खोटं" ओरडायला लागली आहेत. मग पुढच्या वेळी खरी कार्डं वाढवा आणि प्रत्येकाचं "कारण" मोठ्याने वाचून घ्या.