ग्रुपवरची टिप आणि वहीतला नियम: या चुका टाळा

माझा भाचा दर पंधरा दिवसांनी एक स्क्रीनशॉट पाठवतो. शेअरच्या टिपा देणाऱ्या कुठल्या तरी ग्रुपवर आलेला, तीन हिरवे बाण असलेला. खाली एकच ओळ: "मामा, हे घेऊ का?" मी विचारतो, कधी विकायचं? त्यावर उत्तर येतं, "ते ग्रुपवर सांगतील."

तिथेच गाडी अडते. "जबरदस्त ब्रेकआउट, वॉल्यूम बघा, घ्या, टार्गेट 20 टक्के, स्टॉपलॉस ठेवा" या वाक्यात किती दिवसांसाठी, किती रकमेचे आणि कुठल्या भावाला घ्यायचे, यातलं काहीच नाही. स्टॉपलॉस कुठे, तेही नाही. त्यामुळे टिप चुकली हे कधी सिद्धच होत नाही. भाव वर गेला तर "बघा, सांगितलं होतं", खाली आला तर "लाँग टर्मला ठेवा".

चूक पहिली: टिपमधल्या भावाला शेअर मिळेल असं धरणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्राने एका लहानशा कंपनीची टिप फॉरवर्ड केली. टिपमध्ये भाव 40 रुपये होता, शेअरला सर्किट 5 टक्क्यांचं, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त वर किंवा खाली जाऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी 42 ला अपर सर्किट. मी ऑर्डर टाकली, पण विकणारा कोणीच नाही. मग 44.10, मग 46.30. रोज सकाळी नऊलाच ऑर्डर टाकून बसायचो आणि रोज ती तशीच राहायची. चौथ्या दिवशी 48.60 ला हजार शेअर पटकन मिळाले. तेव्हा काय आनंद झाला होता! तीन दिवस कोणी विकत नव्हतं आणि आज मलाच का विकतोय, हा प्रश्न डोक्यात आला नाही.

पुढचा दिवस लोअर सर्किटचा. त्याच्या पुढचाही. माझा स्टॉपलॉस 45 ला लावलेला होता, म्हणून मी निवांत. पण दुसऱ्या लोअर सर्किटला बाजार उघडलाच 44 च्या आत. स्टॉपलॉस ट्रिगर झाला, ऑर्डर एक्स्चेंजवर गेली आणि पडून राहिली. ॲपमधल्या मार्केट डेप्थमध्ये खरेदीची बाजू कोरी, सगळीकडे शून्य, आणि विक्रीच्या बाजूला लाखांत शेअर रांगेत. स्टॉपलॉस म्हणजे फक्त विक्रीची ऑर्डर. समोर घेणारा आणून उभा करणं तिचं काम नाही. नऊ लोअर सर्किटनंतर तिशीच्या आसपास सुटलो. हजार शेअरमागे अठरा हजारांच्या वर गेले.

हा खेळ कसा चालतो हे पुढे सेबीच्या आदेशांतूनही वाचायला मिळालं. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात मार्च 2023 मध्ये निघालेल्या अंतरिम आदेशात असं म्हटलं होतं, की आधी यूट्यूबवर शिफारशीचे व्हिडिओ आले, भाव आणि उलाढाल चढली आणि त्या चढत्या भावात आतल्यांनी आपले शेअर विकले. अशा वेळी टिप ही विक्रेत्याची जाहिरात असते आणि ती वाचून घेणारे आपण गिऱ्हाईक असतो.

म्हणून माझी सवय अशी: दिवसभर एकाच भावाला व्यवहार झाला असेल, म्हणजे ओपन, हाय, लो सगळं सारखं, तर नियम तपासायच्या वहीत "खरेदी झाली नाही" असंच लिहायचं. आणि आपली रक्कम शेअरच्या रोजच्या सरासरी उलाढालीच्या एक टक्क्यावर जात असेल तर तो शेअर यादीतच घ्यायचा नाही.

चूक दुसरी: टिपला नियमात न उतरवता तिच्यावर वाद घालणं

"वॉल्यूमसह ब्रेकआउट" हे काय, ते आकड्यांत लिहा. माझं लिहिणं असं: आजचा बंद भाव मागच्या 50 दिवसांच्या सर्वांत वरच्या बंद भावाच्या वर, आणि आजचा वॉल्यूम मागच्या 20 दिवसांच्या सरासरीच्या किमान दुप्पट. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या ओपनला. विक्री, बंद भाव 20 दिवसांच्या सरासरीखाली गेला किंवा 30 दिवस झाले, यातलं जे आधी होईल त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या ओपनला. आता हे तुमच्या भाच्यालाही तपासता येईल आणि माझ्याशी भांडताही येईल.

गूगल शीटमध्ये A1 मध्ये हे टाका:

```
=GOOGLEFINANCE("NSE:TCS","all",DATE(2015,1,1),TODAY(),"DAILY")
```

B मध्ये ओपन, E मध्ये बंद भाव, F मध्ये वॉल्यूम येतो. मग G60 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=AND(E60>MAX(E10:E59),F60>=2*AVERAGE(F40:F59))
```

रेंज 59 ला थांबते, 60 ला नाही. नवखे हमखास आजची ओळ आत घेतात आणि मग आजचा भाव स्वतःपेक्षाच मोठा कसा होणार? एकही TRUE येत नाही, की लगेच "शीट बिघडली" म्हणून फोन. याच्या उलटी आणि जास्त घातक चूक म्हणजे E60 लाच खरेदी धरणं. बंद भाव कळला तोवर बाजार बंद झालेला असतो. खरेदी B61 ला.

बोनस आणि स्प्लिटचे दिवस डोळ्यांनी बघा. भाव एका रात्रीत निम्मा झालेला दिसला तर तो कोसळलेला नसतो, डेटा जुळवलेला नसतो.

चूक तिसरी: खर्च विसरणं

समजा शंभरातले 40 सौदे सरासरी 9 टक्के देतात आणि 60 सौदे सरासरी 5 टक्के घेतात. 3.6 वजा 3, म्हणजे सौद्यामागे 0.6 टक्के. डिलिव्हरीवर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, घेताना 0.1 आणि विकताना 0.1 टक्के. त्यावर स्टॅम्प ड्यूटी, डीपी चार्जेस, आणि ओपनला आपल्याला हवा तो भाव न मिळाल्याचा फटका. सगळं मिळून मी 0.5 धरतो. उरले 0.1, आणि नफ्यावरचा कर अजून बाकीच आहे.

बाकीच्या छोट्या चुका

फक्त एप्रिल 2020 नंतरचा काळ तपासणं. तेव्हा डोळे मिटून काहीही घेतलं तरी चाललं असतं. तपासणीत 2018 मधली स्मॉलकॅपची घसरण आणि मार्च 2020 हवेच.

आज निफ्टीत असलेल्याच कंपन्या घेणं. बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्याही धरा, नाहीतर निकाल आपोआप गोड येतो.

50 जमलं नाही म्हणून 47, मग 43 करत बसणं. मी 2018 पर्यंतच्या डेटावर नियम ठरवतो आणि 2019 पासूनचा डेटा एकदाच उघडतो. तिथे पडला तर नियम मेला, डागडुजी नाही. हा नियम पाळायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, कारण "फक्त एकदाच बदलून बघू" हा मोह फार वाईट.

ग्रुप ॲडमिनचे जुने नफ्याचे स्क्रीनशॉट बघून विश्वास ठेवणं. तोट्याचे कोण काढतं?

मागच्या आठवड्यात भाच्याने अखेर एका शेअरवर शीट चालवली. संध्याकाळी फोन: "मामा, इतक्या वर्षांत बाराच वेळा TRUE आलंय. त्यातले आठ नफ्यात! उद्यापासून सुरू करू?" मी म्हटलं, बारा नाणी उडवून आठ छापे सहज पडतात. अजून चाळीस शेअर घाल, पडलेले पण घाल, मग बोलू. त्यानंतर अजून तरी स्क्रीनशॉट आलेला नाही.