मस्ट, हॅव टू आणि रिकाम्या जागा: या चुका टाळा

इंग्रजीतल्या मोडल्सच्या, म्हणजे 'मस्ट', 'कॅन' अशा सहायक क्रियापदांच्या रिकाम्या जागा तपासताना उत्तर चुकलेलं दिसलं की मी आधी पाहतो, पोराने पुढचं वाक्य वाचलं होतं का. बहुतेक वेळा नसतं वाचलेलं. रिकाम्या जागेपर्यंत आलं, पेन टेकवलं, पुढे पळालं.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते 'मस्न्ट' आणि 'डोन्ट हॅव टू' या जोडीत. 'मस्ट' आणि 'हॅव टू' दोन्ही सक्तीचे, म्हणून त्यांचे नकारही सारखेच असणार, असं पोरं धरून चालतात. तसं नाही. 'मस्न्ट' म्हणजे करता कामा नये. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करायची गरज नाही, केलंत तर तुमची मर्जी. एकात बंदी आहे, दुसऱ्यात सूट.

संध्याकाळच्या बॅचला नर्सिंगचा एक विद्यार्थी होता. हुशार, पण घाईचा. हॉस्पिटलच्या नियमांचा उतारा दिला होता, त्यात त्याने भरलं: 'यू डोन्ट हॅव टू स्मोक हिअर.' मी विचारलं, "इथे सिगारेट ओढणं सक्तीचं नाही, असं सांगायचंय का तुला?" तर म्हणतो, "सर, डोन्ट हॅव टू म्हणजे करू नका, जरा सभ्य भाषेत." हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. 'मस्न्ट' कानाला उद्धट वाटतो म्हणून अनेकजण 'डोन्ट हॅव टू' नम्र समजून वापरतात. त्याच उताऱ्यात पुढे ऑपरेशनच्या आधीची सूचना होती: 'यू ____ ईट एनिथिंग आफ्टर मिडनाइट.' तिथेही त्याचं तेच उत्तर. त्या उत्तरावर विसंबलेला पेशंट सकाळी पोहे खाऊन येणार आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागणार, कारण त्याला कुणी 'खाऊ नका' म्हटलंच नव्हतं.

मग मी फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं:

'विझिटर्स ____ ब्रिंग फूड. द हॉस्पिटल गिव्ह्ज मील्स टू एव्हरी पेशंट.'
'विझिटर्स ____ ब्रिंग फूड. इट इज अगेन्स्ट द रूल्स.'

रिकाम्या जागेपर्यंत दोन्ही सारखीच. पहिल्यात जेवण मिळतंच, डबा आणायची गरज नाही, म्हणून 'डोन्ट हॅव टू'. दुसऱ्यात नियमच आड येतो, म्हणून 'मस्न्ट'. उत्तर पुढच्या वाक्यात बसलंय, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. माझी सवय अशी: आधी मनात विचारायचं, "समजा यानं केलंच, तर काय होईल?" कुणी ओरडणार, दंड होणार, जिवावर बेतणार, तर 'मस्न्ट'. काहीच बिघडणार नाही, तर 'डोन्ट हॅव टू'. 'नॉट' दिसला की 'मस्न्ट' टाका, असले क्लासमधले शॉर्टकट मला अजिबात आवडत नाहीत. पाठ करणाऱ्याला ते पहिल्याच वेगळ्या वाक्यात तोंडघशी पाडतात.

दुसरी आवडती चूक 'टू'ची. 'शी ____ टू वर्क ऑन संडेज' असं छापलेलं असताना पोरं 'मस्ट' लिहितात. जागेच्या पुढे 'टू' आहे ना? 'कॅन', 'मस्ट', 'मे' यांच्यापुढे 'टू' कधीच येत नाही, म्हणजे इथे 'हॅज' हवं. उलट 'शी ____ वर्क' असेल आणि एकच शब्द भरायचा असेल, तर 'हॅज' चालणार नाही. आणि नकारात 'डझन्ट हॅज टू' लिहू नका. 'डझ' आला की 'हॅज'चं काम संपलं, 'डझन्ट हॅव टू'.

'कॅन'ला 'एस' लागत नाही. 'ही कॅन्स' लिहिणाऱ्याला मी फक्त बघतो.

'परवानगी आहे' या अर्थाच्या 'अलाउड टू'च्या आधी 'अ‍ॅम', 'इज', 'आर' असं 'बी'चं एखादं रूप लागतंच.

'मस्ट' की 'हॅव टू' यावर मात्र फार रक्त आटवू नका. बोलणाऱ्याला स्वतःला निकड वाटत असेल तर 'मस्ट' ('आय मस्ट कॉल माय मदर'), आणि नियम, बॉस किंवा डॉक्टर सांगत असेल तर 'हॅव टू', असा कल असतो. पण कितीतरी वाक्यांत दोन्ही बरोबर असतात. प्रश्नात मात्र 'डू यू हॅव टू' जास्त नैसर्गिक वाटतं. 'मस्ट यू' ऐकताना बरेचदा वैताग जाणवतो, म्हणजे 'हे असं करायलाच हवं का तुला?'

राहिला प्रश्न 'कान्ट'चा. 'यू ____ पार्क हिअर' मध्ये 'कान्ट' आणि 'मस्न्ट' दोन्ही बसतात. अशा वेळी प्रश्नाच्या वर चौकटीत दिलेले शब्द पाहा. एकेक शब्द एकदाच वापरायचा असेल, तर आधी ज्या वाक्यांत एकच पर्याय बसतो ती भरा. मग 'आय ____ स्विम, आय नेव्हर लर्न्ड'सारख्या वाक्यात 'कान्ट' खर्च होतो, कारण न येण्यासाठी 'मस्न्ट' चालतच नाही, आणि पार्किंगसाठी 'मस्न्ट' आपोआप उरतो.