ग्रुपवर कोणी पैसे मागितले तर "नाही" कुठे म्हणायचं? या चुका टाळा

जुलैचा पहिला आठवडा, पाऊस लागलेला, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, आणि रात्री साडेनऊला आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज. आउटबोर्ड मशीन खोललंय, कामाचे 30 हजार सांगतायत, हंगाम चालू झाला की परत देतो, कोणाला जमलं तर बघा. खाली क्यूआर कोड. ग्रुपात 70 माणसं, निम्मी वाडीत, निम्मी विरार-डोंबिवलीला.

1 जूनपासून मासेमारी बंद असते, त्या दिवसांत घरात पैसा येत नाही आणि मशीनचं काम मात्र तेव्हाच करून घ्यावं लागतं, कारण बंदी उठली की होडी पाण्यात हवी. म्हणजे दादाची गरज खरीच होती. पण मी नुकतीच मुलीची कॉलेजची फी भरलेली, माझ्याकडे खरंच नव्हते.

तर मी काय केलं, तिथेच खाली लिहिलं, "दादा सध्या नाही जमणार, मुलीची फी भरली आत्ताच, सॉरी." मला वाटलं गप्प बसण्यापेक्षा हे बरं, निदान प्रामाणिक तरी आहे. दहा मिनिटांत खाली अजून चौघांची लाइन, माझं पण होमलोन चालूय, आमच्याकडे पण हॉस्पिटल झालं, वगैरे. सकाळी बघतो तर दादाने स्वतःचा मेसेज उडवलेला, पण आमचे पाचही नकार तसेच खाली. वर फक्त डिलीट केल्याची खूण. ज्याने रात्री वाचलं नव्हतं तोही विचारायला लागला, काय झालं, कोणाला नाही म्हणताय?

पंधरा दिवसांनी नाक्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "पैशे नाय तर नाय, पण माका फोन कित्याक नाय केलंस?"

चूक पहिली: ग्रुपवरच नाही म्हणणं

ग्रुपवर लिहिलेलं "नाही" मागणाऱ्याला कमी आणि बाकीच्या 68 जणांना जास्त सांगितलेलं असतं. पहिला नकार सभ्य असला तरी तो बाकीच्यांना वाट करून देतो. मनात चलबिचल असलेला माणूस, जो कदाचित दोन हजार देणार होता, तोही मग लाइनीत उभा राहतो. आणि दिलेलं कारण जितकं खरं तितकं जास्त लागतं, माझ्या मुलीची फी आणि त्याचं मशीन अशी तुलना मीच सगळ्यांसमोर मांडून ठेवली ना.

त्यापेक्षा ग्रुपवर काहीच न लिहिता सरळ फोन करायचा. मेसेज दिसल्यावर तासाभरात, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मेसेजपेक्षा फोन बरा, कारण फोनचा स्क्रीनशॉट फिरत नाही, आणि आवाजावरून समोरच्याला कळतं की तुम्ही तोडून बोलत नाही. पावसात रेंजच नसेल तर वेगळा मेसेज करा. ग्रुपमधल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की Reply privately असतं, पण मी ते वापरत नाही. तसं केलं की दादाचा तो मागणीचा मेसेज तुमच्या दोघांच्या चॅटमध्ये कायमचा चिकटतो, पुढे कधीही वर सरकवलं की आधी तोच दिसणार.

फोनवर उत्तर पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. आम्ही कोकणातली माणसं आधी पाऊस, मग तब्येत, मग गणपतीला कोण कोण येतंय असं फिरत फिरत शेवटी मुद्द्यावर येतो, आणि तोपर्यंत समोरचा मनात आकडा धरून बसलेला असतो. "दादा, मेसेज वाचला. माझ्याकडून पैशाचं या वेळी होणार नाही, म्हणून आधी फोन केला." इतकंच. मग गप्प राहून त्याला बोलू द्यायचं. त्याने कारण विचारलं तर एक सांगा, तीन नको, तीन कारणं ऐकली की माणसाला बहाणे वाटतात.

चूक दुसरी: वाचून गप्प बसणं

बऱ्याच जणांनी निळ्या टिका बंद केलेल्या असतात आणि त्यांना वाटतं आपण वाचलेलं कळत नाही. ते फक्त एकेकट्या चॅटपुरतं. ग्रुपमध्ये पाठवणाऱ्याने मेसेजची माहिती उघडली की कोणी कोणी वाचलं त्यांची नावं वेळेसकट दिसतात, सेटिंग काहीही असो. पैसे मागून बसलेला माणूस रात्री दोनदा तरी ते उघडून बघतो. हात जोडलेली इमोजी टाकून सटकणं तर त्याहून वाईट, त्यावर पण नाव दिसतंच आणि अर्थ काहीच लागत नाही, देणार की नाही देणार?

"बघतो", "पगार झाला की सांगतो" हे पण त्यातलंच. द्यायचे नसतील तर तारीख देऊ नका, तो त्या तारखेवर मेकॅनिकला शब्द देऊन बसतो.

चूक तिसरी: सगळ्यांसमोर चौकशी

नवीन मशीनच घे ना, मागच्या वर्षीच्या कर्जाचं काय झालं, बिल टाक बघू. यातला एखादा प्रश्न बरोबरही असेल, पण ग्रुपवर विचारला की ती पंचायत बसते. एक शंका मात्र रास्त आहे. अकाउंट हॅक करून असे मेसेज टाकले जातात, तेव्हा नंबर किंवा क्यूआर अनोळखी वाटला तर खात्री करायची, पण ती पण फोनने, त्याच्या नेहमीच्या नंबरवर साधा कॉल लावून. "हा तूच आहेस ना?" असं ग्रुपवर विचारलं आणि तो खरंच तोच निघाला, की संपलं.

आणि त्याने ग्रुपवर नाव घेऊनच विचारलं तर?

हे होतं. दोन दिवसांनी टॅग करून, "भाऊ तुझं काय ठरलं?" फोन आधी झालेला असेल तर ही वेळ सहसा येत नाही, पण आलीच तर ग्रुपवर एवढंच लिहा, "संध्याकाळी फोन करतो दादा." हो पण नाही, नाही पण नाही. आणि मग खरंच संध्याकाळी फोन करा, नाहीतर तो गप्प बसण्याचाच प्रकार झाला.

ॲडमिन असाल तर अजून एक मोह होतो, विषय वाढू नये म्हणून मेसेज आपणच उडवायचा. उडवू नका, तिथे ॲडमिनने डिलीट केल्याचं सगळ्यांना दिसतं, म्हणजे हाकलल्यासारखंच. त्याला फोन करून विचारा, ठेवायचाय की तूच काढतोस? सगळ्यांच्या चॅटमधून काढायला त्याला दोनेक दिवस मिळतात, त्यानंतर ते होत नाही.

देवळाची, गणपतीची वर्गणी यात धरू नका. तिथे यादीच लागते, कोणाचे किती ते सगळ्यांना माहीत असतं, आणि "माझे या वेळी पाचशेच लिहा" म्हणायला कोणाला काही वाटत नाही. मागणारा एकटा माणूस असला की गोष्ट वेगळी.

दादाच्या मशीनचं मग मेकॅनिकनेच दोन हप्त्यांवर केलं. मला ते कळलं तेही ग्रुपवरूनच, होडीचा फोटो आला तेव्हा.