दूध बंद, साखर बंद, तरी तोंडावर मुरुम? पथ्य करताना या चुका टाळा

शिवाजी पेठेतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा गेल्या वर्षी जूनमध्ये आईबरोबर माझ्याकडे आला. मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मुरुमांसाठी काय खाऊ नये हे विचारायला महिन्याला आठ-दहा तरी मुलंमुली येतात. हा मुलगा मात्र न विचारताच सांगायला लागला, "मॅडम, मला दुधानंच होतंय. सोडलं तेव्हा पाच दिवसांत तोंड साफ झालतं." आई म्हणाली, "वस्ताद म्हणतात, दुधाशिवाय खुराक कसला! आता तुम्हीच सांगा ह्याला."

त्याचा खुराक असा होता. सकाळी तालमीतून आल्यावर अर्धा लिटर म्हशीचं दूध, संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर एक ग्लास धारोष्ण आणि जिमनंतर व्हे प्रोटीनचे दोन स्कूप. (धारोष्ण दुधाची हौस मला कळते, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. ते उकळूनच प्या, हे मी त्यालाही सांगितलं.) मे महिन्यात त्यानं दूध, चहा, साखर, भात आणि तांबडा रस्सा हे सगळं एकाच सोमवारी बंद केलं. पाच दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा मुरुम उसळले, तेही लालभडक आणि आग होणारे. तेव्हा चोरून प्यायलेल्या दोन कप चहावर खापर फुटलं.

मी विचारलं, त्या आठवड्यात तोंडाला काही लावलंस का? मित्रानं दिलेली एक ट्यूब लावत होता. ती संपली आणि मुरुम परतले. ट्यूबचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. ते स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांचं मिश्रण होतं. स्टेरॉइडनं सूज आणि लाली झटक्यात बसते, म्हणून चेहरा साफ दिसतो. बंद केलं की दुप्पट जोरानं उसळी येते. त्या पाच दिवसांचं श्रेय दूध सोडण्याला गेलं होतं, काम मात्र ट्यूबनं केलं होतं.

आठ-दहा दिवसांत निकाल लावणं

स्टेरॉइडचा घोळ नसलेल्या घरांतही सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आज हनुवटीवर दिसणारी पुटकुळी काल खाल्लेल्या श्रीखंडाची नसते. तेलग्रंथीच्या नळीत मेलेल्या पेशी आणि तेल अडकून डोळ्यांना न दिसणारी गाठ आधी तयार होते. तिचा फुगून मुरुम व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून आज दूध सोडलं तरी पुढचा महिनाभर बाहेर येणारे मुरुम आधीच ठरलेले असतात. पथ्याचा खरा परिणाम बघायचा तर किमान आठ आणि शक्यतो दहा-बारा आठवडे द्यावे लागतात. त्वचेचे डॉक्टर मलमांनाही एवढाच वेळ देतात.

शिवाय मुरुम आपोआपही कमी-जास्त होतात. मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर एक प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रक्तातली साखर हळूहळू वाढवणारा आहार दिला, अर्ध्यांना नेहमीचा. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात मुरुमांची संख्या सरासरी २३ ते २४ नं घटली. पण ज्यांनी काहीच बदललं नव्हतं, त्यांचीही १२ नं घटली! म्हणजे काही न सोडताही निम्मा फरक पडला होता. माणूस मुरुम जास्त असतानाच पथ्य सुरू करतो, त्यामुळे पुढे थोडं उतरणं ओघानंच येतं. घरी प्रयोग करताना हे ध्यानात घेतलं नाही, तर कशाचंही श्रेय कशालाही जातं.

"दुधाचं सगळं बंद" असं म्हणणं

दुधाबद्दल खरंच काय माहीत आहे? २०१८ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून ७८ हजारांहून जास्त मुलं आणि तरुणांची माहिती तपासली गेली. दूध पिणाऱ्यांत मुरुम असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या साधारण सव्वापट निघाली. हे सगळे अभ्यास "तुम्ही काय खाता, मुरुम आहेत का" असं विचारून केलेले आहेत. यातून दोन गोष्टी बरोबर आढळतात एवढंच कळतं, एकीमुळे दुसरी झाली हे कळत नाही. दूध बंद करून बघणारा, मेलबर्नसारखा नीट आखलेला प्रयोग अजून हाताशी नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दूध किंवा व्हे सोडायला सांगावं इतका पुरावा नाही, असंच म्हटलं आहे. मेलबर्नसारख्या, रक्तातली साखर हळूहळू वाढवणाऱ्या आहाराबद्दलही त्यांचं मत तेच आहे.

तरीही शंका घ्यायला कारण आहे. दुधानं रक्तातली साखर फारशी वाढत नाही, पण इन्सुलिन मात्र त्या मानानं बरंच वाढतं. दुधातला निवळीचा भाग, म्हणजे व्हे, हे काम जोरात करतो. इन्सुलिन आणि त्याच्या सोबतीनं वाढणारं आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक तेलग्रंथींना चालना देतात. वयात येताना हेच आयजीएफ-१ शरीरात सर्वांत जास्त असतं आणि मुरुमही तेव्हाच येतात. व्हे पावडर सुरू केल्यावर मुरुम उसळलेल्या आणि ती बंद केल्यावर उतरलेल्या तरुणांच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. नोंदी थोड्या आहेत, पण माझ्या अनुभवाशी जुळतात.

म्हणून साय काढून पातळ दूध प्यायल्यानं काही साधत नाही. अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक परिचारिकांच्या २००५ च्या अभ्यासात मुरुमांशी सर्वांत ठळक संबंध साय काढलेल्या दुधाचाच निघाला. परिचारिका शाळेतला आहार आठवून सांगत होत्या, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. पण दोष सायीचा असता तर उलट दिसायला हवं होतं. साजूक तुपात तर निवळीचा भाग जवळजवळ उरतच नाही, ते सोडण्यात मला अर्थ वाटत नाही.

आणि घरात शाकाहार असेल, मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल, तर दूध-दही सोडायला मी सहजासहजी सांगत नाही. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अशा घरात बी-१२ मिळण्याचा मुख्य रस्ता दूधच असतो. सोडायचंच तर बारा आठवड्यांपुरतं, आणि नाचणी, तीळ यांची सोय करून.

साखर सोडून गूळ खाणं

आपल्याकडे ही चूक हटकून होते. गुऱ्हाळातून आणलेला गूळ आपला, घरचा, म्हणून तो पथ्यात चालतो असं धरलं जातं. गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो. रसायन न घालता केलेल्या गुळालाही हे लागू आहे. पाव लिटर उसाच्या रसातून तीसेक ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे सहा-सात चमचे. तेलग्रंथीला पिवळा गूळ आणि पांढरी साखर यांतला फरक कळत नाही.

मेलबर्नच्या प्रयोगातही नुसती चहातली साखर काढली नव्हती, पूर्ण ताट बदललं होतं. आपल्या ताटात त्याचा अर्थ भाताचा ढीग निम्मा आणि त्या जागी उसळ, मिसळीबरोबरच्या ब्रेडच्या चार स्लाइसऐवजी दोन, आणि सरबत-रस-कोल्ड्रिंक बंद. त्या तरुणांचं वजनही उतरलं होतं, म्हणून फायदा आहाराचा किती आणि वजनाचा किती हे वेगळं काढता येत नाही. तांबड्या रश्श्याला उगीच बदनाम करू नका. तिखटानं मुरुम येतात असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

एकाच वेळी सगळं बदलणं

त्या मुलाला मी आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ट्यूब कायमची बंद केली, चेहरा शांत झाल्यावर रात्री ॲडापलिन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड ही मलमं दिली. तीन महिने आम्ही खाण्याला हात लावला नाही. ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी, तोंड धुऊन, त्यानं कपाळ, गाल आणि हनुवटीवरचे उठलेले मुरुम मोजायचे ठरलं. पहिले चार रविवार वहीत २४, २७, २२, २५ असे आकडे पडले. मलमाचा फायदा जेवढा व्हायचा तेवढा होऊन आकडा एका जागी थांबला होता. प्रयोग सुरू करायला हीच वेळ योग्य.

मग फक्त व्हे काढलं. दूध तसंच, मलम तसंच. दोन स्कूपमधली साधारण ४८ ग्रॅम प्रथिनं भरून काढायला चार अंडी, तीस ग्रॅम सोयाबीन वड्या आणि मूठभर शेंगदाणे दिले, म्हणजे वजन घटून गोंधळ नको. चौथ्या आठवड्यात आकडा २३ होता आणि तो वैतागला. आठव्या आठवड्यात १५, दहाव्यात १३. लग्नसराईत दोन आठवडे जिलेबी झाली, तेही वहीत लिहून ठेवायला लावलं.

इथं बहुतेक जण थांबतात. पण कारण पक्कं करायचं तर काढलेली गोष्ट परत आणून बघावी लागते. त्याच्या मनाविरुद्ध मी व्हे परत सुरू करायला लावलं. सातव्या आठवड्यात आकडा २१ झाला. पुन्हा बंद केल्यावर उतरला. त्यानंतर सकाळचं अर्धा लिटर दूध दहा आठवडे काढून पाहिलं. आकडा १२ ते १४ मध्येच राहिला. दूध परत आलं, उकळून.

हा एकाच मुलाचा चेहरा आहे. दुसऱ्याच्या वहीत उलटंही निघेल, आणि माझ्याकडच्या बऱ्याच जणांच्या वहीत तर काहीच निघत नाही. त्यांच्यासाठी पथ्य लांबवत बसू नये, औषधच चालू ठेवावं.

वहीच्या आधी डॉक्टर लागतात तेव्हा

दुखणाऱ्या खोल गाठी येत असतील किंवा खड्डे पडत असतील, तर बारा आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका, तेवढ्यात व्रण कायमचे होतात. मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराची तपासणी हवी. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा घासून जात नसेल तर तो मळ नसतो, बहुधा इन्सुलिनचं काम बिघडल्याची खूण असते. कपाळावर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीचेही असू शकतात, मग दूध सोडून काही होणार नाही.

परवा त्या मुलाची आई भाजी मंडईत भेटली. म्हणाली, "व्हेचा डबा विकून टाकला त्यानं. वस्ताद खूश आहेत, दूध चालू आहे म्हणून." वही मात्र अजून फ्रिजवर असते, रविवारचा आकडा तो अजूनही लिहितो.