साहित्य आढावा: 'अमुक यांनी नोंदवले'च्या पुढे कसं जायचं

जळगाव जिल्ह्यातल्या केळीवर पीएच.डी. करणारी मुलं आढाव्याचं प्रकरण घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी एकच गोष्ट करून बघतो. परिच्छेदातल्या वाक्यांचा क्रम बदलतो. काहीच बिघडलं नाही, तर तो परिच्छेद म्हणजे नुसती नोंदवही आहे, त्यात मूल्यमापन नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 'अ यांना ठिबकवरील केळीचे उत्पादन पाटपाण्यापेक्षा बरेच जास्त आढळले. ब यांनाही वाढ दिसली, पण थोडी. क यांच्या मते ठिबकमुळे पाण्याची बचत होते.' यात चूक काही नाही, पण अ आणि ब यांच्यात एवढा फरक का, हा प्रश्न तसाच राहतो.

उत्तर सारांशात सापडत नाही, त्यासाठी 'संशोधन पद्धती' उघडावी लागते. समजा, अ यांनी रावेर-यावलच्या शेतकऱ्यांचं सर्वेक्षण केलं. ठिबकवाल्यांकडे टिश्यू कल्चरची रोपं होती आणि पाटपाणीवाल्यांकडे कंद. मग वाढ ठिबकची की रोपांची? आपल्याकडे ठिबक आणि टिश्यू कल्चर बरेचदा एकाच बागेत दिसतात, त्यामुळे ही शंका घ्यायलाच हवी. ब यांनी प्रक्षेत्रावर दोन्हीकडे एकच रोपं आणि सारखंच खत दिलं, पण प्रयोग एकाच मृगबागेचा, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीचा; ऑक्टोबरच्या आसपास लावतात ती कांदेबाग त्यात नव्हती.

आता परिच्छेद असा होतो: 'ठिबकमुळे केळीचे उत्पादन वाढते यावर अ आणि ब यांचे एकमत आहे, मात्र त्यातला ठिबकचा वाटा किती, हे अ यांच्या सर्वेक्षणावरून ठरत नाही, कारण दोन्ही गटांतील लागवड साहित्य वेगळे होते. ब यांनी ते सारखे ठेवल्यावर फरक कमी दिसला, म्हणून या प्रश्नापुरता त्यांचा निष्कर्ष अधिक भरवशाचा वाटतो. तरीही तो एका मृगबागेचा असल्याने कांदेबागेला लागू करता येत नाही.' यातली वाक्यं पुढेमागे करून बघा, अर्थ लगेच तुटतो. क यांचा मुद्दा पाण्याचा आहे, तो दुसऱ्या परिच्छेदात जाईल.

"सर, एवढ्या मोठ्या लोकांच्या चुका आपण कशा काढायच्या?" असं एका विद्यार्थिनीनं संकोचून विचारलं होतं. चूक काढायचीच नाही. त्या पुराव्यावर किती भार टाकता येतो, तेवढंच सांगायचं. म्हणून सरसकट 'नमुना लहान आहे' लिहिणं मला पटत नाही. लहान नमुन्यामुळे नेमका कोणता निष्कर्ष डळमळतो, हे सांगता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका.

कधी कधी लागवड कशाची होती, हे शोधनिबंधात दिलेलंच नसतं. तिथे अंदाज बांधू नका. 'लागवड साहित्याचा प्रकार नोंदवलेला नाही, त्यामुळे ब यांच्याशी थेट तुलना शक्य नाही' एवढं लिहा आणि पुढच्या अभ्यासाकडे वळा.