स्मार्ट बल्ब वाय-फायला जोडताना या चुका टाळा: एकाच बटणावरचे चार बल्ब

हॉलच्या झुंबरात चार स्मार्ट बल्ब लावले आणि बटण दाबलं, की चारही एकदम लुकलुकायला लागतात. अ‍ॅपमध्ये चार सारखीच नावं येतात आणि कुठलं नाव कुठल्या बल्बचं ते कळत नाही. खरी फजिती मात्र पुढे होते. समजा पहिले दोन बल्ब जोडले गेले आणि तिसरा अडला. त्याला रिसेट करायला तुम्ही बटण चालू-बंद करता. पण बटण चौघांचं एकच, त्यामुळे जोडलेले दोनही रिसेट होतात आणि अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन' दिसू लागतात. दोष तिसऱ्या बल्बचा नसतो, बटणाचा असतो.

म्हणून बल्ब झुंबरात जोडूच नका. राउटर असलेल्या खोलीत साधा टेबल लॅम्प घ्या आणि त्यात एकेक बल्ब लावून जोडा. जोडला की लगेच नाव द्या, 'हॉल १', 'हॉल २' असं, आणि तोच आकडा पेन्सिलीने बल्बच्या बुडाशी लिहा. मग तो काढून पुढचा लावा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बल्बच्या लक्षात राहतो, त्यामुळे झुंबरात गेल्यावर तो आपोआप जोडला जातो. डिमर असलेल्या बटणावर मात्र हे बल्ब लावू नका, ते फडफडतात.

आता अडलेला बल्ब. बहुतेक बल्ब तीनदा चालू-बंद केल्यावर रिसेट होतात, काहींना पाच वेळा लागतात. आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. इथे चूक होते ती वेगाची. भराभर खटखट केलं तर बल्बच्या आतला कपॅसिटर रिकामाच होत नाही, त्यामुळे वीज गेली होती हे चिपला कळतच नाही. फार वेळ चालू ठेवला, तर मोजणी पुन्हा शून्यावर जाते. साधारण एक सेकंद चालू, एक सेकंद बंद, असा ठेका धरा आणि शेवटी चालूच ठेवा. बल्ब भराभर लुकलुकू लागला, तर रिसेट झाला. एकसारखा पेटून राहिला, तर पाच सेकंद पूर्ण बंद ठेवून पहिल्यापासून करा.

लुकलुकतोय, पण अ‍ॅपमधला आकडा शंभर टक्क्यांवर पोहोचतच नाही? मग बल्बला सोडा, राउटर पाहा. हे बल्ब बहुधा वाय-फायच्या दोन बँडपैकी फक्त 2.4 GHz वर चालतात, 5 GHz वर नाही. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल, तर जोडणीपुरता 5 GHz बंद करा. राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायची सुरक्षा फक्त WPA3 वर असेल, तर WPA2 निवडा. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क वापरू नका. त्यात उपकरणं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. अ‍ॅपला लोकेशनची परवानगीही द्या, नाहीतर फोनला आजूबाजूचे बल्ब सापडत नाहीत.

एवढं करूनही 'हे उपकरण दुसऱ्या खात्यात आहे' असा संदेश आला, तर रिसेट कितीही केलं तरी उपयोग नाही. ज्याच्या अ‍ॅपमध्ये तो आधी जोडला होता, त्याच खात्यातून काढावा लागतो.