पंगतीतला हीन विनोद अडवताना या चुका टाळा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की मला दोन प्रकारच्या माणसांची धास्ती वाटते. एक म्हणजे जेवणे उरकल्यावर सोप्यावर बसून घाटापलीकडून मजुरीला येणाऱ्या घाट्यांवरचे किंवा इथल्याच गावडा जमातीवरचे ठेवणीतले विनोद बाहेर काढणारे, आणि दुसरे म्हणजे ते ऐकताच ताडकन उठून भाषण ठोकणारे. या दुसऱ्या वर्गात मी स्वतः बरीच वर्षे मोडत होतो, त्यामुळे त्यांच्या चुका मला आतून ठाऊक आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उच्चारलेले वाक्य सोडून ते उच्चारणाऱ्या माणसावर तुटून पडणे. फोंड्याकडच्या एका नातेवाइकाच्या घरी, चवथीच्या दुसऱ्या दिवशी, खतखते-नेवऱ्यांचे जेवण होऊन मंडळी सुपारी कातरत बसली असताना, नात्याने मेहुणे लागणाऱ्या एका गृहस्थांनी घाटी मजूर आणि आंघोळ या विषयावरचा एक विनोद सांगितला. मी उसळून म्हणालो की तुमचे मनच कोते आहे, आणि मग ज्या घरात आपण बसलो आहोत त्याचे चिरे कोणी वाहिले, कोणी रचले, इथपासून सुरुवात करून चांगली दहा मिनिटे बोललो. मुद्दे सगळे खरे होते. परंतु 'हा विनोद बरा की वाईट' हा प्रश्न मी माझ्याच हाताने 'हे मेहुणे बरे की वाईट' असा बदलून टाकला होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर सोप्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते, कारण घरात कोणी आजारी पडले की मध्यरात्री गाडी काढणारा माणूस तोच. साहजिकच सगळे त्यांच्या बाजूला गेले, वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेल्या, आणि पुढे कित्येक वर्षे त्या घरात विनोदाची नव्हे, माझ्या आरडाओरड्याची आठवण काढली गेली.

त्यात मी आणखी एक चूक केली होती, जी आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांची खास आहे. विनोद कोकणीत सांगितला गेला होता आणि मी उत्तर मराठीत दिले. घरात कोकणी आणि वाचन, भजन, कीर्तन मराठीत, अशा संसारात माणूस भांडताना एकाएकी मराठीवर आला की ऐकणाऱ्याला समोर बुवा उभा राहिल्यासारखे वाटते. ज्या भाषेत विनोद झाला त्याच भाषेत, आणि शक्य तर त्याच्याहून खालच्या आवाजात बोलावे.

आता मी एवढेच म्हणतो: "म्हाका समजलें ना. परत सांग." असा विनोद एका न बोललेल्या गृहीतावर उभा असतो, ते लोक घाणेरडे, किंवा मठ्ठ, किंवा चोर. ते गृहीत ऐकणाऱ्याने मनातल्या मनात पुरवायचे आणि हसायचे, असा तो व्यवहार आहे. आपण ते पुरवले नाही की सांगणाऱ्याला ते स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते, आणि बहुतेकांना चारचौघांत ते जमत नाही. मात्र हा प्रश्न चेहऱ्यावर खोचक हसू ठेवून विचारला तर तोही हल्लाच ठरतो. शिवाय जिथे अपमान उघडच बोलला गेला आहे, तिथे समजण्यासारखे काही उरलेलेच नसते. तिथे "मला हे ऐकायला बरे वाटत नाही" एवढे म्हणावे आणि गप्प बसावे.

हे गप्प बसणेच नवशिक्यांना जमत नाही. चार-पाच सेकंदांची शांतता त्यांना असह्य होते आणि ती भरून काढण्यासाठी ते एक तर माफी मागू लागतात, नाहीतर व्याख्यान सुरू करतात. मी त्या वेळी अडकित्ता उचलतो. सुपारीची दोन खांडे होईपर्यंत तोंड उघडायचे नाही, हा माझा नियम आहे.

"वेळ आली की सुचेल" या भरवशावर राहणारे तर अगदीच भाबडे. कॅनडात झालेला आणि 2009 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो: कृष्णवर्णीय माणसाविषयीचे हीन उद्गार ऐकले तर आपण संतापू, असे कल्पनेने सांगणारे लोक पुष्कळ होते, पण ज्यांच्या समोर ते खरोखर उच्चारले गेले ते फारसे अस्वस्थही झाले नाहीत. म्हणून वाक्य घरूनच ठरवून न्यावे. मी ते बाहेर पडताना, चपला घालता घालता एकदा पुटपुटून घेतो.

दुसरी मोठी चूक माझ्या हातून एका वास्तुशांतीच्या दिवशी घडली, आणि ती मला पहिल्यापेक्षा जास्त बोचते. घर बांधणारे विजापूरकडचे गवंडी जेवायला बोलावलेले होते आणि पंगतीच्या शेवटच्या पानावर बसले होते. कोणीतरी घाट्यांवर काहीतरी बोलले, आणि मी मोठ्या उदारपणे त्यांच्याकडे वळून विचारले, "तुम्हीच सांगा, तुम्हाला वाईट वाटले की नाही?" पंगतीतल्या सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे गेले. ते हसले, "नाही नाही, साहेब, चेष्टा आहे" म्हणाले, आणि पायस वाढायच्या आधीच पानावरून उठले. मजुरीची बाकी यजमानाकडून यायची असलेला माणूस दुसरे काय बोलणार होता? ज्याच्यावर विनोद झाला तो समोर असेल तर त्याला साक्षीला बोलावू नये, त्याच्या वतीनेही बोलू नये, फक्त स्वतःपुरते बोलावे. नंतर हात धुताना त्याच्या शेजारी उभे राहून कामाविषयी दोन शब्द बोलता आले तर बोलावेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. आधी हसून मग आक्षेप घेऊ नये. प्रतिविनोद करू नये, त्याने मैफल रंगते आणि मुद्दा बुडतो. रात्री बारा वाजता कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक संदेश टाकणे हा तर भ्याड शॉर्टकट आहे. सांगणारा चार पेग घेतलेला असेल तर त्या रात्री काहीच सांगू नये. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठावे.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मी तो प्रश्नही चारचौघांत विचारत नाही. गेल्या चवथीला आमच्या एका काकांनी गावड्यांच्या अकलेवरचा त्यांचा जुना विनोद काढला. मी हसलो नाही, अडकित्ता उचलला, आणि संध्याकाळी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत म्हणालो, "काका, तो विनोद मला ऐकवत नाही. माझ्या वर्गात त्यांची मुले बसायची." ते चिडले. 2003 साली अनुसूचित जमातींत गेल्यापासून त्यांना सगळे मिळते आहे, आता त्यांच्यावर हसायचेही नाही का, असे म्हणाले. मला उत्तर येत होते. मी दिले नाही, कारण ते दिले असते तर वाद आरक्षणावर गेला असता आणि विनोद सुखरूप सुटला असता. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, "मला तो ऐकवत नाही," आणि बस येईपर्यंत आम्ही गणपतीवर टांगायच्या माटोळीला यंदा रानातल्या घागऱ्या किती महाग झाल्या यावर बोलत राहिलो.

सातव्या दिवशी विसर्जनाला काका पुन्हा आले होते. विनोद सांगायला त्यांनी सुरुवात केली, माझ्याकडे पाहिले, आणि "जाऊ दे, इथे मास्तर बसला आहे" असे म्हणून दुसराच विषय काढला. सगळे माझ्यावर हसले.